खालूंची पेन्शन आणि खालाचा निम्मा हिस्सा

नंदुरबारला आमच्या खालाच्या घरी स्टीलच्या कपाटात एक प्लास्टिकची पिशवी आहे. तिच्यात निकाहनामा, रेशनकार्ड, खालूंचा मृत्यूचा दाखला आणि भविष्य निर्वाह निधी कार्यालयाने दिलेला एक कागद आहे. त्या कागदाला पीपीओ म्हणतात, म्हणजे पेन्शन देण्याचा आदेश. खालू गेले त्याच्या दुसऱ्या आठवड्यात मी पुण्याहून गेले, तेव्हा खालाने ती पिशवी माझ्यापुढे ठेवली आणि विचारलं, "बेटा, तू कम्प्युटरवाली. यातलं माझं काय आहे ते सांग."

मला उत्तर देता आलं नाही. मी गेली कित्येक वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काम करते. माझ्या नावावरही दर महिन्याला याच योजनेत पैसे जमा होतात. तरी त्या कागदावरच्या आकड्यातून खालाच्या वाट्याला किती येणार आणि का, हे मला ठाऊक नव्हतं. पुढचे काही महिने मी योजनेचा मजकूर वाचत गेले. वाचून झाल्यावर मला जे दिसलं त्याबद्दल हा लेख आहे. आपल्या घराघरांत अशा खाला आहेत. त्यांनी आयुष्यभर काम केलं, पण कुठल्याही हजेरीपटावर त्यांचं नाव आलं नाही, त्यामुळे त्यांच्या नावाची पेन्शन नाही. त्यांचं म्हातारपण नवऱ्याच्या पेन्शनमधल्या एका कलमावर उभं असतं.

ती योजना म्हणजे कर्मचारी पेन्शन योजना १९९५, बोलण्यात ईपीएस-९५. ती १६ नोव्हेंबर १९९५ पासून लागू आहे. साखर कारखाना, सूतगिरणी, एसटी, खासगी कंपनी, सहकारी संस्था अशा ठिकाणी ज्यांचा पीएफ कापला जातो त्यांतले बहुतेक तिचे सदस्य असतात. कामगाराच्या पगारातून जो पीएफ जातो तो वेगळा. मालक जो हिस्सा भरतो त्यातले पगाराच्या ८.३३ टक्के पेन्शन निधीत जातात, आणि केंद्र सरकार १.१६ टक्के घालतं. यासाठी पगार कितीही असला तरी हिशेब एका मर्यादेपर्यंतच धरतात. २००१ च्या जूनपासून ती मर्यादा ६,५०० रुपये होती, १ सप्टेंबर २०१४ पासून ती १५,००० आहे.

पेन्शनचं सूत्र लहान आहे: शेवटच्या ६० महिन्यांच्या पगाराची सरासरी गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. त्यात एक मेख आहे. सप्टेंबर २०१४ च्या आधीच्या वर्षांसाठी पगार जास्तीत जास्त ६,५०० धरायचा आणि नंतरच्या वर्षांसाठी जास्तीत जास्त १५,०००.

आता खालूंचा हिशेब. ते जिल्ह्यातल्या एका सहकारी कारखान्यात होते. १९८८ पासून ते तिथे जात, पण पहिली तेरा वर्षं रोजंदारीवर, कागदाबाहेर. त्यांचा पीएफ सुरू झाला सप्टेंबर २००१ मध्ये, आणि ऑगस्ट २०२० मध्ये वयाची ५८ पूर्ण झाली. म्हणजे घरच्यांच्या लेखी बत्तीस वर्षांची नोकरी, योजनेच्या लेखी एकोणीस. शेवटच्या पाच वर्षांच्या पगाराची सरासरी ११,००० रुपये. पहिल्या तेरा वर्षांचे ६,५०० गुणिले १३ भागिले ७०, म्हणजे १,२०७ रुपये. पुढच्या सहा वर्षांचे ११,००० गुणिले ६ भागिले ७०, म्हणजे ९४३. एकूण २,१५० रुपये महिना.

इथे एक वर्ष किती महाग पडलं तेही पाहा. ५८ वर्षांपर्यंत काम करून वीस वर्षांची नोकरी पूर्ण झाली असेल तर योजना दोन वर्षं वरून धरते. खालूंचं रोजंदारीतलं एक, फक्त एक वर्ष कागदावर आलं असतं, तर एकोणीसऐवजी बावीस वर्षं मोजली गेली असती आणि पेन्शन निदान पावणेतीनशे रुपयांनी वाढली असती. हंगामी कामगारांसाठी तर नियम आणखी उदार आहे: हंगामात प्रत्यक्ष काही महिनेच काम केलं, तरी त्या सालाचं पूर्ण वर्ष धरतात. पण त्यासाठी त्या हंगामाचा पीएफ भरलेला असावा लागतो. आपल्या भागात जो कोणी आज "हजेरी आहे पण पीएफ नाही" अशा कामावर असेल, त्याच्या बायकोच्या म्हातारपणातून ही वर्षं वजा होत आहेत.

खालू हयात असताना या २,१५० रुपयांत खालाचा हक्क किती? कायद्याने शून्य. ती पेन्शन त्यांची. त्यांनी दिली तर तिची, नाही दिली तर नाही. आमचे खालू देत होते, हा त्यांचा भलेपणा. ते फेब्रुवारी २०२४ मध्ये वारले. त्यानंतर योजनेचा १६ वा परिच्छेद लागू झाला: पेन्शन सुरू झाल्यावर सदस्य वारला तर विधवेला किंवा विधुराला त्याच्या पेन्शनच्या ५० टक्के. म्हणजे खालाला १,०७५ रुपये.

हे निम्मं कसं ठरतं ते जरा थांबून पाहण्यासारखं आहे, कारण याच परिच्छेदात दुसरीही तरतूद आहे. सदस्य नोकरीत असताना, पेन्शन सुरू होण्याआधी वारला, तर विधवेला निम्मी नाही, त्या दिवशी तो निवृत्त झाला असता तर जी मिळाली असती ती सबंध पेन्शन मिळते. शिवाय योजनेत पगारानुसार एक कोष्टक आहे. त्यातली रक्कम जास्त असेल तर ती मिळते. त्यासाठी एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी चालतं. कमावता माणूस अचानक गेला तर घर सावरावं, हा त्यामागचा विचार आणि तो योग्यच आहे.

पण दोन्ही नियम शेजारी ठेवा. खालू ५८ वर्षांचे होण्याच्या आदल्या दिवशी गेले असते, तर खालाला निदान २,१५० मिळाले असते. ते साडेतीन वर्षं जास्त जगले, म्हणून १,०७५. आणि ही रेषा निवृत्तीची नाही, वयाची आहे. कारखान्याने साठीपर्यंत कामावर ठेवलं, तरी पेन्शन योजनेचं सदस्यत्व ५८ लाच संपतं. मी खालाला हे सांगितलं नाही. कसं सांगणार?

दुसरी बाब महागाईची. झेडपीत जुन्या पेन्शनवाल्या शिक्षकाची विधवा असेल, तर तिच्या कुटुंब निवृत्तिवेतनावर महागाई भत्ता मिळतो. ईपीएस-९५ मध्ये महागाई भत्ता नाही. २०२० मध्ये ठरलेला आकडा तसाच राहतो, आणि त्याचं निम्मं केलं की ते निम्मंही तसंच राहतं. खाला आज ५९ वर्षांची आहे. ती पंच्याऐंशीची होईल तेव्हाही तिला १,०७५ रुपयेच मिळतील.

तळाला एक आधार आहे. १ सप्टेंबर २०१४ पासून सदस्याची आणि विधवेची पेन्शन १,००० रुपयांच्या खाली जात नाही. याचा एक गमतीशीर परिणाम होतो. नवऱ्याची पेन्शन १,००० असो की १,९००, विधवेला मिळतात १,००० च. म्हणजे अगदी तळातल्या घरात पेन्शन निम्मी होत नाही, जशीच्या तशी राहते. नवऱ्याने पाच-सात वर्षं जास्त काम करून पेन्शन दीड-पावणेदोन हजारांवर नेली, त्या वर्षांचं विधवेच्या हातात काहीच येत नाही.

आणि हे १,००० रुपये कशाच्या तुलनेत? महाराष्ट्रात संजय गांधी निराधार अनुदान योजनेत विधवेला, आणि श्रावणबाळ योजनेत ६५ वर्षांवरच्या निराधार वृद्धांना, २०२३ पासून महिना १,५०० रुपये मिळतात. खालाच्या गल्लीत एक बाई आहे, तिचा नवरा हमाल होता, कधी पीएफ कापला गेला नाही. तिला दीड हजार मिळतात. ते कमीच आहेत, आणि ते तिचे हक्काचे आहेत. प्रश्न तिच्याबद्दल नाही. प्रश्न असा, की एकोणीस वर्षं दरमहा वर्गणी भरलेल्या घराला निराधारापेक्षा कमी का? खालाने तिकडे अर्ज करावा म्हटलं, तर कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत लागतं. मुलगा मोबाइल दुकानात कामाला आहे, त्याच्या पगाराने ती मर्यादा दोन-तीन महिन्यांतच ओलांडली जाते.

अमेरिकेतली व्यवस्था यासाठी बघण्यासारखी आहे. तिकडचं सगळं चांगलं असं नाही. पण तिथे हाच प्रश्न फार आधी विचारला गेला. तिथला सामाजिक सुरक्षा कायदा १९३५ चा, आणि त्यात सुरुवातीला फक्त कामगाराची पेन्शन होती. पहिली मासिक पेन्शन सुरू होण्याआधीच, १९३९ मध्ये, त्यांनी कायदा दुरुस्त केला. ज्या पत्नीने कधी पगारी काम केलं नाही, तिला नवरा हयात असतानाच त्याच्या पेन्शनच्या निम्म्यापर्यंत रक्कम वेगळी, तिच्या नावाने मिळू लागली. त्यासाठी नवऱ्याची पेन्शन कापत नाहीत. तो वारल्यावर आज तिला, योग्य वयाची झाली असेल तर, त्याची सबंध रक्कम मिळू शकते. लग्न दहा वर्षं टिकलं असेल तर घटस्फोटितेलाही हक्क आहे. म्हणजे तिथे नवरा असताना निम्मी आणि नसताना पूर्ण. आपल्याकडे नवरा असताना शून्य आणि नसताना निम्मी.

दोघांचं घर एकट्याचं झालं की खर्च निम्मा होत नाही. घरपट्टी, विजेचं बिल, गॅसचं सिलिंडर तेवढंच राहतं. औषधं तर वाढतात.

याला एक उत्तर देतात, आणि ते ऐकून घेतलं पाहिजे. ईपीएस हे बँकेतलं खातं नव्हे, तो सामाईक निधी आहे. त्याच ८.३३ टक्क्यांतून निवृत्तांची, विधवांची, दोन मुलांची पंचवीस वर्षांपर्यंतची आणि अनाथांची पेन्शन द्यायची असते. एका बाजूने वाढवलं तर दुसरीकडून आणावं लागतं. हे खरं आहे. किमान पेन्शन वाढवण्याची मागणी म्हणूनच वर्षानुवर्षं अडकली आहे. भगतसिंह कोश्यारी यांच्या अध्यक्षतेखालच्या राज्यसभेच्या याचिका समितीने २०१३ मध्ये किमान ३,००० रुपयांची शिफारस केली होती. तेच कोश्यारी पुढे आपले राज्यपाल होऊन गेले, शिफारस तिथेच आहे. बुलढाण्यातून कमांडर अशोक राऊत यांनी चालवलेलं ईपीएस-९५ पेन्शनरांचं आंदोलन ७,५०० रुपये आणि महागाई भत्ता मागतं. ती मागणी रास्त आहे आणि तिला आपला पाठिंबा असायला हवा.

पण विधवेच्या निम्म्याचा प्रश्न त्या मोठ्या आकड्याच्या सावलीत झाकून जातो. त्यासाठी फार कमी खर्चाची एक दुरुस्ती शक्य आहे. निवृत्त होताना सदस्याला पर्याय द्या: आज थोडी कमी पेन्शन घ्या, आणि तुमच्या मागे जोडीदाराला तीच रक्कम पूर्ण चालू राहील. कमी किती, ते दोघांच्या वयांवरून काढता येतं. आयुर्विमा कंपन्या हेच करतात. त्यांच्या वार्षिकीत जोडीदाराला १०० टक्के चालू ठेवण्याचा पर्याय असतो. हिशेब नीट बसवला तर निधीवर नवा बोजा पडत नाही. ईपीएसला ही कल्पना परकीही नाही. २६ सप्टेंबर २००८ पर्यंत योजनेत भांडवल परतीचा पर्याय होता. पेन्शन काहीशी कमी घ्यायची, आणि मृत्यूनंतर घरच्यांना एकरकमी पैसे मिळायचे. तो बंद केला आणि त्याच्या जागी काही आणलं नाही. आमच्या खालूंना कोणी विचारलं असतं की "दोन हजार एकशे पन्नास तुम्हाला आणि मागे निम्मे, की अठराशेच्या आसपास दोघांच्याही अखेरपर्यंत", तर त्यांनी काय निवडलं असतं हे मला माहीत आहे. अठराशे हा आकडा मी कल्पनेने धरला आहे, खरा आकडा गणिती काढतील. पण हा प्रश्न त्यांना कोणी विचारलाच नाही.

आता आपल्या समाजापुरतं, कारण या योजनेतली काही कलमं आपल्या घरांत वेगळी अडतात.

विधवा पेन्शन नॉमिनीला मिळत नाही, पत्नीला मिळते. नवऱ्याने अर्जात भावाचं नाव लिहिलं तरी पत्नी असताना पेन्शन भावाकडे जाऊ शकत नाही. ही फार मोलाची तरतूद आहे आणि पुष्कळांना ठाऊक नसते. मात्र तिला पत्नी असल्याचं सिद्ध करावं लागतं. आपल्याकडे निकाहनामा असतो, पण तो चाळीस वर्षांपूर्वीचा, काझींच्या हातचा, उर्दूत असतो. त्यावरचं नाव वेगळं आणि आधारवरचं वेगळं. महाराष्ट्रात विवाह नोंदणीचा १९९८ चा कायदा सर्वांना लागू आहे. निकाहनामा लावून नोंदणी करून घेतली की मराठी-इंग्रजी दाखला हाती येतो. ही नोंदणी नवरा हयात असताना दोघांनी मिळून केली तर एका दिवसाचं काम असतं. तो गेल्यावर ते काम वकिलाकडे जातं.

दोन बायका असतील तर योजनेचं उत्तर स्पष्ट आहे: ज्या पत्नीशी लग्न आधी झालं तिला पेन्शन, ती वारल्यावर दुसरीला. वाटून नाही. वडील कोण हे वयावरून नव्हे, लग्नाच्या तारखेवरून ठरतं. हा नियम सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा कुटुंबांनाही तितकाच लागू पडतो, आणि या जिल्ह्यात जवळजवळ सत्तर टक्के लोक आदिवासी आहेत. धाकटीने वीस वर्षं त्या माणसाची सेवा केली असेल आणि थोरली माहेरी असेल, तरी पेन्शन थोरलीची. जो पुरुष दुसरा निकाह करतो तो धाकटीला काय सोडून जाणार आहे, हे तिच्या माहेरच्यांनी निकाहाच्या आधी विचारावं.

तलाक झालेल्या पत्नीला ईपीएसमध्ये काहीच नाही. वीस वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या नावावर जी वर्षं जमली, त्यांत तिचा वाटा धरला जात नाही. सुप्रीम कोर्टाने १० जुलै २०२४ च्या अब्दुल समद निकालात मुस्लिम घटस्फोटितेचा पोटगीचा हक्क पुन्हा स्पष्ट केला, शाहबानो प्रकरणापासून चाललेल्या वादात हे महत्त्वाचं आहे. पण पोटगी जिवंत माणसाकडून मिळते. तो वारला की पोटगी संपते आणि पेन्शन तिची नसते. आपण पोटगीबद्दल इतकी वर्षं बोललो, त्यात पेन्शनचा शब्द जवळजवळ आलाच नाही. ही आपलीही चूक आहे. मात्र एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. एका दमात तीनदा उच्चारलेला तलाक २०१९ च्या कायद्याने रद्दबातल आहे. सासरच्यांनी "त्याने तर तिला सोडली होती" म्हणून त्या बाईला पेन्शनच्या अर्जापासून अडवलं, तर त्यांच्या बोलण्याला तेवढ्यावर कायद्याचा आधार नाही. ती पत्नी होती, म्हणून ती विधवा आहे.

आणि पुनर्विवाह केला की विधवेची पेन्शन बंद होते. हजार रुपयांसाठी कोणी निकाह टाळत नाही असं वाटेल. मी दोन बायका पाहिल्या आहेत ज्यांनी टाळला.

खालाच्या अर्जाला सात महिने लागले. त्यातली पहिली चूक आमच्याच घरची. खालू गेल्यावर कोणी बँकेला कळवलं नाही, पेन्शन येत राहिली आणि चुलतभावाने दोन महिने एटीएममधून ती काढली. घरखर्चालाच काढली, पण मृताच्या नावावर आलेली पेन्शन परत करावी लागते, ती वसूल झाली. मृत्यू झाला की आधी बँकेला कळवायचं, मग बाकीचं.

दुसरी अडचण नावाची होती. पीपीओवर खालाच्या नावापुढचं "बी" जोडून होतं, आधारवर सुटं होतं, बँकेत नव्हतंच. जन्मतारीख पीपीओवर एक, आधारवर दुसरी. माझा रोजचा धंदा हाच आहे, दोन याद्यांतली नावं जुळवून पाहणारे प्रोग्रॅम मी स्वतः लिहिले आहेत. मशीनला मधली एक जागा रिकामी दिसली की ती दोन वेगळ्या बायका धरते, आणि तिथे खिडकीमागचा माणूसही काही करू शकत नाही. म्हणून हे पेन्शनर हयात असताना तपासायचं. पीपीओ काढा, त्यावर पत्नीचं नाव आणि जन्मतारीख आहे का पाहा, आधारशी एकेक अक्षर लावून पाहा. फरक असेल तर नवऱ्याच्या सहीने दुरुस्तीचा अर्ज करा. त्याची सही आहे तोवर हे सोपं आहे. तिच्या एकटीच्या नावाचं, आधार जोडलेलं बँक खातंही आधीच असू द्या. खालाचं खातं मुलाबरोबर होतं, ते नव्याने काढावं लागलं.

अर्जाचा नमुना १०-डी. त्यासोबत मृत्यूचा दाखला, पीपीओ, आधार, खात्याचा तपशील, फोटो आणि पुनर्विवाह केला नसल्याचं लिहून दिलेलं. उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाही. पेन्शन मृत्यूच्या दुसऱ्या दिवसापासून मोजतात आणि थकबाकी मिळते. खालाला सात महिन्यांची एकदम मिळाली. नंदुरबारकरांसाठी कार्यालय नाशिकला आहे, जाऊन-येऊन दिवस मोडतो. पण २०२३ पासून दर महिन्याच्या २७ तारखेला प्रत्येक जिल्ह्यात भविष्य निर्वाह निधीचं शिबिर होतं, "निधी आपके निकट" नावाने. सुट्टी असली तर पुढच्या कामाच्या दिवशी. आमचं नावाचं काम शेवटी अशाच एका शिबिरात मार्गी लागलं. जानेवारी २०२५ पासून पेन्शन कुठल्याही बँकेच्या कुठल्याही शाखेत घेता येते, त्यामुळे मुलाकडे सुरतेला राहायला गेलेल्या बाईला खात्यासाठी गावी परतावं लागत नाही.

तरण्या मुलांनी एक मात्र करू नये. नवापूरच्या पलीकडे गुजरातेत किंवा पुण्याला दोन-तीन वर्षं काम करून नोकरी सुटली की पीएफसोबत पेन्शनचे पैसेही काढून घेतात. हाती येतात काही हजार. पण ती वर्षं पुसली जातात. पेन्शनला निदान दहा वर्षं लागतात, ती तुकड्यातुकड्यांनी भरली तरी चालतात. पैसे न काढता योजना प्रमाणपत्र घेतलं की जुनी वर्षं पुढच्या नोकरीला जोडली जातात.

राहिला प्रश्न खालाच्या सुनेचा. ती तीस वर्षांची आहे, घरी शिवणकाम करते, तिचंही नाव कुठल्या हजेरीपटावर नाही, आणि तिच्या नवऱ्याचा पीएफ कापत नाहीत. म्हणजे तिला निम्मंही मिळायचं नाही. तिच्यासाठी २०१५ ची अटल पेन्शन योजना आहे. १८ ते ४० वयात, आयकर न भरणाऱ्या कोणालाही बँकेत किंवा पोस्टात उघडता येते. तीस वर्षांच्या बाईने महिना २३१ रुपये भरले तर साठीनंतर २,००० रुपये पेन्शन, ५७७ भरले तर ५,०००. तीस वर्षांनी त्या ५,००० ची किंमत आजच्यापेक्षा फारच कमी असेल, हे मी तिला आधीच सांगितलं. इथेही महागाई भत्ता नाही. पण यात सदस्य वारला की जोडीदाराला निम्मी नव्हे, तेवढीच सबंध पेन्शन मिळते, आणि दोघांनंतर साठलेली रक्कम वारसाला. सरकारनेच काढलेल्या एका योजनेत पूर्ण देता येते, तर तिच्या थोरल्या बहिणीत का नाही, हे आपल्या खासदारांना विचारण्यासारखं आहे. १६ व्या परिच्छेदातल्या "५० टक्के" या दोन शब्दांबद्दल आपल्या चळवळीने एक निवेदन तयार करावं असा माझा आग्रह आहे, आणि त्यात जोडीदाराला पूर्ण पेन्शनचा पर्याय स्वच्छ शब्दांत मागावा.

सुनेने गेल्या महिन्यात खातं उघडलं, २३१ रुपयांचं. नॉमिनीच्या रकान्यात काय लिहू म्हणून तिने फोन केला होता. खाला शेजारीच बसली होती. ती मागून ओरडली, "आधी नाव आधारवर आहे तस्संच लिही म्हणावं."